RAW दिसणारी डिस्क : दुरुस्तीपूर्वीचा क्रम

पेढीवरील संगणकाला जोडलेली बाह्य हार्ड डिस्क काल संध्याकाळपर्यंत उघडत होती. आज सकाळी ती जोडताच पडद्यावर पुढील सूचना येते: `You need to format the disk in drive E: before you can use it.` खाली दोन बटणे असतात, `Format disk` आणि `Cancel`. गुणधर्म पाहिले असता फाइल सिस्टीमच्या जागी `NTFS` ऐवजी `RAW` हा शब्द दिसतो; वापरलेली जागा शून्य आणि मोकळी जागाही शून्य. हिशेबाचा डेटा, बिलांची स्कॅन केलेली चित्रे, कुटुंबाची छायाचित्रे हे सारे एका क्षणात नाहीसे झाले असे वाटते.

वस्तुतः बहुतेक प्रसंगी काहीही नाहीसे झालेले नसते. ते नाहीसे होते ते पुढच्या अर्ध्या तासात, घाईने केलेल्या दुरुस्तीमुळे. म्हणून या लेखात दुरुस्तीची जादू सांगण्याऐवजी दुरुस्तीपूर्वी कोणते पाऊल कोणत्या क्रमाने टाकावे एवढेच सांगावयाचे आहे. या क्रमाचे सूत्र एकच: डिस्कची संपूर्ण नक्कल हाती येईपर्यंत त्या डिस्कवर एक अक्षरही लिहिले जाऊ नये.

RAW म्हणजे नेमके काय?

RAW हे कोणत्याही फाइल सिस्टीमचे नाव नव्हे. विंडोज जेव्हा एखादा विभाग उघडू पाहते, तेव्हा ती त्याच्या पहिल्या सेक्टरमध्ये ओळखीची खूण शोधते. सेक्टर म्हणजे डिस्कवरील 512 बाइटांचा कप्पा. NTFS पद्धतीच्या विभागात या पहिल्या कप्प्याला बूट सेक्टर म्हणतात. त्यात NTFS हे नाव, विभागाचा आकार आणि फाइलींची मुख्य सूची कोठून सुरू होते त्याचा पत्ता असतो. ही खूण सापडली नाही, की विंडोज त्या विभागाला RAW म्हणते. ‘हा विभाग मला वाचता येत नाही’ एवढाच त्याचा अर्थ. ‘हा विभाग रिकामा आहे’ असा अर्थ त्यातून मुळीच निघत नाही.

गोदामाचे उदाहरण घेऊ. दारावर एक पाटी आहे आणि मालाची नोंदवही कोणत्या कपाटात आहे ते त्या पाटीवर लिहिलेले आहे. पाटी पुसली गेली तर नवा माणूस गोदामात काय आहे ते सांगू शकणार नाही; पण माल जागेवर असतो आणि नोंदवहीही कपाटात असते. NTFS मध्ये या नोंदवहीला मास्टर फाइल टेबल म्हणतात. प्रत्येक फाइलीचे नाव, तिचे फोल्डर, तारीख आणि तिचे तुकडे डिस्कवर कोठे कोठे आहेत याची नोंद त्यात असते. विशेष म्हणजे पाटीची एक प्रत NTFS स्वतःच विभागाच्या अगदी शेवटच्या सेक्टरमध्ये जपून ठेवते.

पाटी पुसली जाण्याची कारणे पुष्कळ. डिस्कवर लेखन चालू असताना वीज जाणे, सुरक्षितपणे न काढता केबल ओढणे, सैल झालेला यूएसबी जोड, किंवा नेमक्या त्याच जागी डिस्कचा पृष्ठभाग खराब होणे. कधी दोष नसतोही. डिस्क मॅक किंवा लिनक्स संगणकावर तयार केली असेल, तर विंडोजला तिची फाइल सिस्टीम ओळखता येत नाही आणि ती फॉरमॅट करण्याचीच सूचना देते. त्यामुळे पहिला प्रश्न घरातल्या माणसांना विचारावा: ही डिस्क शेवटी कोणी, कोणत्या संगणकाला जोडली होती? तिला बिटलॉकरचे कुलूप होते काय? असल्यास त्याची 48 अंकी रिकव्हरी की आधी शोधून ठेवावी. तिच्यावाचून पुढचे सारे श्रम व्यर्थ आहेत.

पहिले पाऊल : हात आवरणे

सूचनेतील `Cancel` दाबावे. फॉरमॅट केल्यावर रिकव्हरीचे सॉफ्टवेअर चालवू, हा सल्ला सर्रास ऐकू येतो. त्याने काय होते ते समजून घेतले पाहिजे. क्विक फॉरमॅट नवी पाटी लिहिते आणि नवी, कोरी नोंदवही मांडते. विंडोज ही नोंदवही ठरावीक जागीच सुरू करत असल्याने ती बहुधा जुन्या नोंदवहीच्या आरंभावरच बसते. जुन्या नोंदवहीचा उरलेला भाग डिस्कवर कोठे कोठे पसरला आहे, याची माहिती तिच्या पहिल्याच नोंदीत असते. नेमकी तीच नोंद पुसली जाते. पूर्ण फॉरमॅट तर याहून घातक. विंडोज व्हिस्टापासून पूर्ण फॉरमॅट सगळ्या विभागावर शून्ये लिहिते. त्यानंतर परत मिळवण्यासारखे काहीच उरत नाही.

दुसरा सल्ला `chkdsk` चालवण्याचा. RAW विभागावर ही आज्ञा बहुधा स्वतःच माघार घेते:

```
The type of the file system is RAW.
CHKDSK is not available for RAW drives.
```

पण अर्धवट ओळखल्या जाणाऱ्या डिस्कवर ती चालते, आणि धोका तेथेच आहे. `chkdsk` चे काम फाइल सिस्टीम सुसंगत करणे हे आहे. तुमच्या फाइली वाचवणे हे तिचे काम नव्हे. ज्या नोंदी तिला विसंगत वाटतात त्या ती छाटते आणि सुटे तुकडे `FOUND.000` नावाच्या फोल्डरमध्ये `FILE0000.CHK` अशा नावांनी टाकते. शिवाय हे सारे ती त्याच डिस्कवर लिहून करते. ती मागे फिरवता येत नाही.

दुसरे पाऊल : केबल, आवाज आणि आकार

डिस्क बंद करून दुसरी केबल लावावी, हब टाळावा आणि संगणकाच्या मागील यूएसबी जोडात ती थेट जोडावी. सैल केबलने भागलेले दुखणे पुष्कळदा येथेच संपते. डिस्क उघडली, तर प्रथम महत्त्वाचा डेटा दुसरीकडे उतरवून घ्यावा, बाकीचे नंतर.

जोडताना कान देऊन ऐकावे. टक्‌टक् असा ठराविक लयीत येणारा आवाज, खरखर, किंवा फिरू लागून पुन्हा थांबणे ही यांत्रिक बिघाडाची लक्षणे आहेत. अशी डिस्क तत्क्षणी बंद करावी आणि पुन्हा चालू करून पाहू नये. प्रत्येक प्रयत्नात आतील पृष्ठभाग अधिक खरवडला जाऊ शकतो. येथे घरगुती उपायांची हद्द संपते आणि स्वच्छ खोलीची सोय असलेल्या रिकव्हरी प्रयोगशाळेचे काम सुरू होते.

आवाज स्वच्छ असेल तर विंडोजमधील `Disk Management` उघडून केवळ पाहावे. डिस्कचा आकार बरोबर दिसतो आणि विभागापुढे RAW लिहिलेले आहे, ही आशादायक स्थिती. `Not Initialized` दिसून ती इनिशिअलाइझ करण्याचा प्रश्न आला तर नकार द्यावा, कारण तेही लेखनच आहे. आकार शून्य किंवा भलताच दिसला तर दोष फाइल सिस्टीमचा नसून यंत्राचा आहे असे समजून थांबावे.

तिसरे पाऊल : डिस्कची प्रकृती

आता डिस्कचे स्वतःचे आरोग्यपत्रक वाचावे. प्रत्येक डिस्क आपल्या दोषांची मोजणी स्वतःच ठेवते. तिला स्मार्ट म्हणतात. क्रिस्टलडिस्कइन्फो हे मोफत सॉफ्टवेअर ती मोजणी दाखवते आणि त्यासाठी डिस्कच्या विभागांवर काहीही लिहीत नाही. चार ओळी पाहाव्यात. `05` म्हणजे खराब ठरवून बदललेले सेक्टर. `C5` म्हणजे वाचता न आल्याने निर्णयासाठी थांबलेले सेक्टर. `C6` म्हणजे वाचणे अशक्य ठरलेले सेक्टर. `C7` म्हणजे केबलमधून जाताना झालेल्या चुका. हे आकडे सामान्यतः षोडशमान पद्धतीत दिसतात, हे लक्षात ठेवावे. तेथील 10 म्हणजे आपले 16.

केवळ `C7` वाढलेला असेल तर संशय केबलवर. `C5` किंवा `C6` शून्याहून अधिक असेल तर डिस्कचे काही कप्पे वाचता येत नाहीत आणि नक्कल करण्यास विलंब लावू नये. काही यूएसबी पेट्या ही मोजणी बाहेर येऊ देत नाहीत. अशा वेळी पत्रक कोरे दिसले म्हणजे डिस्क निरोगी आहे असे समजू नये.

चौथे पाऊल : संपूर्ण नक्कल

सगळ्या क्रमाचा कणा हाच. येथे नक्कल म्हणजे फाइलींची प्रत नव्हे, कारण फाइली दिसतच नाहीत. पहिल्या सेक्टरपासून शेवटच्या सेक्टरपर्यंत जे आहे ते जसेच्या तसे एका मोठ्या फाइलीत उतरवावयाचे. या फाइलीला इमेज म्हणतात. डिस्क 1 टीबीची असेल तर इमेजही 1 टीबीची होते, मग तिच्यात डेटा कितीही थोडा असो. त्यामुळे नवी डिस्क 2 टीबीची घ्यावी. ती FAT32 पद्धतीची नसावी, कारण तिच्यात 4 जीबीहून मोठी फाइल मावत नाही.

या कामासाठी डीडीरेस्क्यू हे मोफत साधन विश्वासाचे आहे. सिस्टमरेस्क्यू नावाच्या लिनक्स पेनड्राइव्हवर ते आणि पुढे लागणारे टेस्टडिस्क ही दोन्ही तयार मिळतात. संगणक त्या पेनड्राइव्हवरून सुरू करावा, म्हणजे विंडोजचा हात जुन्या डिस्कला लागत नाही. प्रथम डिस्कांची ओळख पटवावी, मग नव्या डिस्कवरील फोल्डरमध्ये जाऊन नक्कल करावी:

```
lsblk -o NAME,SIZE,MODEL,FSTYPE
ddrescue -d -n /dev/sdb juni.img juni.map
ddrescue -d -r3 /dev/sdb juni.img juni.map
```

पहिली ओळ प्रत्येक डिस्कचे नाव, आकार आणि मॉडेल दाखवते. येथे `sdb` हे जुन्या डिस्कचे नाव धरले आहे. तुमच्याकडे ते वेगळे असू शकेल. मॉडेल व आकार कागदावर लिहून, दोघांनी मिळून ताडून पाहावेत. उगम आणि लक्ष्य यांची अदलाबदल झाली तर अनर्थ ठरलेला. दुसरी ओळ जे सहज वाचता येते ते सारे आधी उतरवते आणि अडलेल्या जागांवर रेंगाळत नाही. तिसरी ओळ केवळ त्या अडलेल्या जागी परत जाऊन तीन वेळा प्रयत्न करते. `juni.map` ही काय वाचले व काय राहिले याची नोंद आहे; मध्ये वीज गेली तरी काम तेथूनच पुढे सुरू होते.

वेळेचा हिशेब सोपा आहे. सेकंदाला 100 एमबी या गतीने 1 टीबी उतरवण्यास सुमारे पावणेतीन तास लागतात. जुन्या यूएसबी 2 जोडावर हाच काळ आठ-नऊ तासांवर जातो. मध्येच गती अगदी मंदावली तर डिस्क अवघड जागी अडली आहे, असे समजावे.

एक प्रसंग

हे सारे प्रत्यक्षात कसे जुळते ते पाहण्यासाठी एका अडत दुकानाचे उदाहरण घेऊ. 1 टीबीची बाह्य डिस्क, तिच्यात टॅलीच्या डेटाची रोजची प्रत आणि चार वर्षांच्या बिलांची चित्रे. संध्याकाळी प्रत उतरवली जात असताना वीज गेली. सकाळी डिस्क RAW दिसू लागली. आवाज स्वच्छ आहे, आकार 931 जीबी म्हणजे बरोबर आहे. `05` शून्य आहे, `C5` मात्र 8 दाखवतो.

नक्कल झाल्यावर नोंदीच्या फाइलीत या तीन ओळी मिळतात:

```
0x00000000    0x00100000    +
0x00100000    0x00001000    -
0x00101000    0xE8E0CB5000  +
```

पहिला स्तंभ जागा सांगतो, दुसरा लांबी. अधिक चिन्ह म्हणजे वाचले, उणे चिन्ह म्हणजे वाचता आले नाही. संपूर्ण डिस्कवर न वाचलेला तुकडा एकच आहे आणि त्याची लांबी षोडशमानात 1000, म्हणजे 4096 बाइट. हे झाले आठ सेक्टर. `C5` मधील 8 हा आकडा येथे जुळतो. तुकड्याची जागा 100000, म्हणजे आरंभापासून बरोबर 1 एमबी अंतरावर. विंडोज डिस्कवरील पहिला विभाग सामान्यतः याच जागी सुरू करते. म्हणजे न वाचता आलेला तुकडा तो नेमका दारावरच्या पाटीचा.

वीज जाताना डिस्क हा तुकडा लिहीत होती. आजच्या बहुतेक डिस्क आतून 4096 बाइटांचा कप्पा एकसंध लिहितात. तो अर्धवट लिहिला गेल्यामुळे त्याची तपासणी-खूण जुळेना, आणि डिस्क तो वाचण्यास नकार देऊ लागली. जवळजवळ 931 जीबी गेले असे वाटत होते. प्रत्यक्षात गेले ते 4096 बाइट, आणि त्यांतील महत्त्वाच्या 512 बाइटांची प्रत विभागाच्या शेवटी सुरक्षित आहे.

याच डिस्कवर कोणी क्विक फॉरमॅट केले असते तर तो कप्पा नव्याने लिहिला जाऊन `C5` शून्यावर आला असता. डिस्क ‘दुरुस्त’ झाली असे सर्वांस वाटले असते, आणि नोंदवहीचा आरंभ मात्र कायमचा गेला असता.

पाचवे पाऊल : काम नकलेवर

आता जुनी डिस्क काढून बाजूला ठेवावी. पुढचे सारे काम इमेजवर. `C5`, `C6` मोठे असतील आणि जुनी डिस्क पुन्हा वाचली जाईल याची खात्री नसेल, तर इमेजचीही एक प्रत आधी काढावी. त्यानंतर टेस्टडिस्क सुरू करावे:

```
testdisk juni.img
```

त्यात `Intel` हा प्रकार, मग `Advanced`, मग आपला विभाग आणि `Boot` अशी निवड करावी. आपल्या उदाहरणात पडद्यावर बूट सेक्टरपुढे `Bad` आणि त्याच्या प्रतीपुढे `OK` असे दिसते. हीच ती आशेची जागा. `Backup BS` निवडले की शेवटची प्रत पहिल्या जागी उतरते. हे लेखन आहे खरे, पण ते नकलेवर आहे. फसले तर मूळ डिस्क तशीच आहे.

यानंतर `List` निवडले की फोल्डर आणि फाइली आपल्या मूळ नावांनिशी दिसू लागतात. `a` दाबून सर्व निवडावे आणि मोठे `C` दाबून ते एखाद्या तिसऱ्या जागी उतरवावे. दोन्ही बूट सेक्टर खराब असतील तर `Rebuild BS` हा पर्याय नोंदवही शोधून नवी पाटी तयार करू पाहतो. तो लिहिण्यापूर्वी फाइलींची यादी दाखवतो. यादी ओळखीची दिसली तरच पुढे जावे.

याच साधनासोबत येणारे फोटोरेक शेवटचा उपाय म्हणून ठेवावे. ते नोंदवहीकडे न पाहता फाइलींच्या अंगच्या खुणांवरून त्या ओळखते. छायाचित्रे आणि पीडीएफ त्यातून पुष्कळदा मिळतात, पण नावे, फोल्डर आणि तारखा मिळत नाहीत. छायाचित्रांचे त्यावर भागते; हिशेबाचे भागत नाही. टॅली एका कंपनीचा डेटा आकड्यांच्या नावाच्या फोल्डरमध्ये अनेक फाइलींत ठेवते. त्या फाइली ठरलेल्या नावांनी एकत्र असतील तरच कंपनी उघडते. विखुरलेले बेनाम तुकडे मिळाले तरी त्यांतून वही उभी राहत नाही. व्यापाऱ्याच्या दृष्टीने नोंदवही वाचवणे म्हणजेच डेटा वाचवणे, ते यामुळे.

सहावे पाऊल : पडताळा, आणि मगच दुरुस्ती

फाइली दिसल्या म्हणजे काम संपले असे मानू नये. परत मिळालेला टॅलीचा डेटा दुसऱ्या संगणकावर उघडावा. शेवटच्या व्हाउचरची तारीख आणि रोख शिल्लक कागदावरील नोंदीशी ताडावी. बिलांच्या चित्रांपैकी प्रत्येक वर्षातील काही उघडून पाहावीत. जीएसटी कायद्यानुसार हिशेबाची कागदपत्रे त्या वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून 72 महिने जपावी लागतात. म्हणून जुन्या वर्षांची तपासणीही तितक्याच काळजीने करावी.

हा पडताळा झाल्यावरच जुन्या डिस्कला हात लावावा. तिचे पूर्ण फॉरमॅट करून स्मार्टचे आकडे पुन्हा पाहावेत. `C5` शून्यावर आला आणि `05` वाढला नाही, तर दोष अर्धवट लेखनाचा होता असे म्हणता येईल. `05` वाढला असेल तर पृष्ठभागच झिजू लागला आहे. ती डिस्क निवृत्त करावी. निरोगी ठरली तरी एकमेव प्रत तिच्यावर पुन्हा कधी ठेवू नये.

एक मर्यादा येथेच सांगणे अवश्य आहे. हे सारे फिरत्या तबकडीच्या डिस्कला लागू आहे. एसएसडीवर फॉरमॅटची आज्ञा जाताच विंडोज सामान्यतः तिला सर्व जागा मोकळी झाल्याचे कळवते, आणि एसएसडी आतला डेटा स्वतःहून पुसू लागते. त्यामुळे तेथे `Format disk` दाबण्याची चूक बहुधा भरून निघत नाही. नकलेपर्यंतचा क्रम तोच, फक्त तो अधिक कडकपणे पाळावयाचा.

हे काम घरी जमणार नसेल तर तंत्रज्ञाकडे द्यावे. त्यात कमीपणा नाही. मात्र डिस्क हाती देण्यापूर्वी एक प्रश्न विचारावा: “आपण आधी संपूर्ण डिस्कची इमेज काढणार, की याच डिस्कवर सॉफ्टवेअर चालवणार?” पहिले उत्तर मिळाले तर निश्चिंतपणे डिस्क द्यावी आणि सोबत चिठ्ठी जोडावी: डिस्क RAW कधीपासून दिसते, त्या आधी काय घडले, त्यानंतर काय काय करून पाहिले आणि कोणते फोल्डर सर्वांत आधी हवे. दुसरे उत्तर मिळाले तर डिस्क पिशवीत घालून परत आणावी. बंद ठेवलेली डिस्क दोन दिवसांनी सहसा अधिक बिघडत नाही. चुकीच्या हातात चालू राहिलेली डिस्क मात्र दोन तासांत बिघडते.